चौदावा शब्द अर्धवट का येतो? SUBSTITUTE, REPT आणि TRIM यांच्या सूत्रातील ९९चा प्रश्न

कोरी ओळ (धागाकर्ती)

माझ्याकडे एक्सेलमध्ये यंत्रांच्या तपासणीच्या नोंदींचा एक कॉलम आहे. प्रत्येक सेलमध्ये एक सलग वाक्य असते, वाक्याची रचना ठरलेली असते आणि चौदावा शब्द यंत्राची स्थिती सांगतो. मला तेवढा एकच शब्द शेजारच्या कॉलममध्ये हवा आहे. त्यासाठी सगळीकडे आढळणारे पुढील सूत्र मी वापरते. शब्दाचा क्रमांक C2 मध्ये लिहिलेला आहे.

```
=TRIM(MID(SUBSTITUTE(A2," ",REPT(" ",99)),(C2-1)*99+1,99))
```

बहुतेक ओळींत उत्तर बरोबर येते. काही ओळींत मात्र शब्दाचा शेवट कापलेला असतो, आणि दोन-तीन ठिकाणी तर आधीच्या शब्दाची शेपटीच मिळते. कोणतीही चूक दाखवली जात नाही, त्यामुळे अशा ओळी किती आहेत हे नजरेने शोधावे लागते. ९९ हा आकडा कोठून आला आणि तो बदलायचा झाल्यास कशाच्या आधारे बदलायचा, हे कोणी समजावून सांगेल का?

सरळ रेघ

एवढा खटाटोप कशासाठी? कॉलम निवडा, डेटा मेनूमधील टेक्स्ट टु कॉलम्स उघडा, विभाजक म्हणून स्पेस द्या. प्रत्येक शब्द आपापल्या कॉलममध्ये जाऊन बसेल आणि चौदावा कॉलम सोडून बाकीचे पुसून टाकता येतील.

कोरी ओळ

तो मार्ग मला ठाऊक आहे. परंतु या नोंदींत रोज भर पडते आणि जुन्या नोंदींत दुरुस्त्याही होतात. टेक्स्ट टु कॉलम्स एकदाच विभागणी करते, मूळ सेल बदलला तरी तुकडे जुनेच राहतात. म्हणून सूत्रच हवे आहे.

आकडेमोड

आपल्या ओळी लांब आहेत, एवढेच कारण आहे. ९९च्या जागी तिन्ही ठिकाणी १००० लिहा, प्रश्न मिटेल. मी नेहमी १०००च वापरतो. LEN वगैरे घालून सूत्र लांबवण्याची गरज नसते.

मधली खिडकी

आकडेमोड यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. आकडा वाढवला की हा विशिष्ट दोष जातो. पण तो का जातो हे पाहिले नाही, तर दुसऱ्या टोकाला ठेच लागते. त्यामुळे आधी सूत्र आत काय करते ते एका छोट्या वाक्यावर पाहू.

A2 मध्ये ‘सर्व फाइल नवीन ठिकाणी ठेवा’ हे वाक्य आहे असे समजा. LEN देवनागरीतील काना, वेलांटी आणि हलन्त यांनाही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजते, त्यामुळे ‘सर्व’ची लांबी ४ भरते आणि ‘ठिकाणी’ची ६. पाच शब्दांच्या लांब्या अनुक्रमे ४, ४, ४, ६ आणि ४ आहेत. त्यांची बेरीज २२ आणि मधल्या चार स्पेस धरून LEN(A2) चे उत्तर २६ येते.

९९च्या जागी ही लांबीच रुंदी म्हणून घेतली, तर SUBSTITUTE प्रत्येक स्पेसच्या जागी २६ स्पेसचा पट्टा घालते. आता पहिला शब्द १ ते ४ या स्थानांवर, दुसरा ३१ ते ३४ वर, तिसरा ६१ ते ६४ वर, चौथा ९१ ते ९६ वर आणि पाचवा १२३ ते १२६ वर जातो. MID या ताणलेल्या ओळीचे २६ चिन्हांचे सारखे कप्पे पाडते. चौथ्या शब्दासाठी ते ३×२६+१ म्हणजे ७९व्या स्थानापासून १०४व्या स्थानापर्यंतचा मजकूर उचलते. त्यात आधी १२ स्पेस, मग ‘ठिकाणी’ची सहा चिन्हे आणि नंतर ८ स्पेस असतात. बाहेरचे TRIM ही दोन्ही बाजूंची भरताड काढून टाकते आणि शब्द उरतो.

यात शब्द आपापल्या कप्प्याच्या सुरुवातीला नसतात, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पहिला शब्द कप्प्याच्या अगदी डावीकडे असतो. पुढचा प्रत्येक शब्द आधीच्या सर्व शब्दांच्या एकत्रित लांबीइतका उजवीकडे सरकलेला असतो. चौथ्या शब्दाआधी १२ स्पेस आल्या, त्या आधीच्या तीन शब्दांच्या १२ चिन्हांमुळेच. म्हणून अट अशी आहे की पहिल्या शब्दापासून हव्या त्या शब्दापर्यंतच्या सर्व शब्दांच्या लांबीची बेरीज पट्ट्याच्या रुंदीपेक्षा जास्त असता कामा नये. एकट्या शब्दाची लांबी येथे कामाची नाही. आपल्या चौदा शब्दांची बेरीज ९९च्या आत आहे तोवर उत्तर बरोबर येईल. शब्द सरासरी सात चिन्हांचे असले, तर चौदा शब्दांत ९८ चिन्हे होतात. म्हणजे आपण नेमक्या काठावर उभ्या आहात.

९९ला स्वतःचा काहीही आधार नाही. पुरेसा मोठा आणि लिहायला सोपा म्हणून कोणीतरी घेतलेला तो आकडा आहे. LEN(A2) मात्र कधीच अपुरा पडत नाही, कारण शब्दांची बेरीज ही स्पेस धरून मोजलेल्या एकूण लांबीपेक्षा मोठी असूच शकत नाही.

```
=TRIM(MID(SUBSTITUTE(A2," ",REPT(" ",LEN(A2))),(C2-1)*LEN(A2)+1,LEN(A2)))
```

कोरी ओळ

फार उपयोग झाला. एक शंका आहे. रुंदी कमी पडल्यावर एखाद्या ओळीत शब्द कापला जातो आणि एखाद्या ओळीत आधीचा शब्द येतो, हा फरक कशामुळे?

मधली खिडकी

त्याच वाक्यात मुद्दाम रुंदी १० ठेवून पाहा. पहिले दोन शब्द बरोबर येतात, कारण त्यांची बेरीज ८ आहे. तिसऱ्या शब्दापर्यंतची बेरीज १२, म्हणजे रुंदीपेक्षा दोनने जास्त. म्हणून ‘नवीन’ची शेवटची दोन चिन्हे कप्प्याबाहेर जातात आणि हाती ‘नव’ उरते. हा स्वतंत्र, अर्थपूर्ण शब्द असल्यामुळे कोणाला संशयही येत नाही. चौथा शब्द मागितला की ती उरलेली दोन चिन्हे, म्हणजे वेलांटी आणि न, मिळतात. वेलांटीला बसायला अक्षर नसल्यामुळे सेलमध्ये ती ठिपक्यांच्या वर्तुळावर दिसते. देवनागरी मजकुरात असे वर्तुळ सेलच्या सुरुवातीला दिसले, तर रुंदी कमी पडल्याची शंका सर्वांत आधी घ्यावी.

पाचवा शब्द मागा, आणि अखंड ‘ठिकाणी’ मिळेल. तो चौथा शब्द आहे. घसरण साचत जाते, आणि ती एका पूर्ण शब्दाइतकी झाली की कापल्याची खूणही राहत नाही. फक्त क्रमांक चुकतो. या सर्वांत घातक ओळी नजरेने सापडणार नाहीत. त्या शोधण्यासाठी LEN असलेले सूत्र शेजारच्या कॉलममध्ये लिहून दोन्ही उत्तरे = चिन्हाने ताडून पाहावीत. जेथे FALSE येईल, त्या ओळी आजवर चुकत होत्या.

जुनी वही

माझे प्रकरण थोडे वेगळे आहे. मी वेबपानावरून मजकूर चिकटवते. तेथे LEN असलेले सूत्रही मध्येच दोन शब्द एकत्र देते आणि त्यापुढचे सगळे क्रमांक एकाने मागे सरकतात. दोन्ही शब्दांमध्ये स्पेस तर स्पष्ट दिसते. काही ओळींत पहिला शब्द रिकामाच येतो.

मधली खिडकी

ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिला शब्द रिकामा येतो, कारण वाक्याच्या आधी एक स्पेस आहे आणि सूत्राच्या दृष्टीने त्या स्पेसच्या डावीकडचा रिकामा मजकूर हाच पहिला शब्द होतो. वाक्यात सलग दोन स्पेस आल्या, तरी मध्ये असाच एक रिकामा शब्द मोजला जातो. बाहेरचे TRIM फक्त उत्तर साफ करते, मोजणी नव्हे. त्यासाठी SUBSTITUTE ला A2 ऐवजी TRIM(A2) द्यावे लागते. वर्कशीटमधील TRIM दोन्ही कडांच्या स्पेस काढते आणि मधल्या सलग स्पेसही एकावर आणते. व्हीबीए मधील त्याच नावाचे फंक्शन मात्र फक्त कडा साफ करते, त्यामुळे मॅक्रोमध्ये तेच गृहीत धरू नये.

दोन शब्द चिकटतात, कारण त्यांच्यामधील चिन्ह नेहमीची स्पेस नसावे. वेबपानांवर ओळ तुटू नये म्हणून वेगळी स्पेस वापरतात. डोळ्यांना ती सारखीच दिसते, पण तिचा क्रमांक १६० असतो आणि नेहमीच्या स्पेसचा ३२. TRIM तिला हात लावत नाही आणि " " शोधणाऱ्या SUBSTITUTE लाही ती सापडत नाही. संशयित जागेवरचे चिन्ह तपासा. वरच्या वाक्यात पहिली स्पेस पाचव्या स्थानी आहे, म्हणून तपासणी अशी होईल:

```
=UNICODE(MID(A2,5,1))
```

उत्तर १६० आले, तर B2 मध्ये साफ केलेला मजकूर तयार करून पुढची सर्व सूत्रे B2 वर चालवा. सेलमध्ये ऑल्ट आणि एंटर दाबून पाडलेली ओळ असेल, तर त्या CHAR(10) साठीही असेच आणखी एक SUBSTITUTE लागेल.

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,UNICHAR(160)," "))
```

जुनी वही

१६०च आले. आता क्रमांक जुळले. स्वल्पविराम मात्र शब्दाला चिकटूनच येतो.

मधली खिडकी

तो येणारच. या सूत्राच्या लेखी दोन स्पेसमधील सगळे काही शब्दच असते. स्वल्पविराम नको असेल, तर साफसफाईच्याच टप्प्यात त्याच्या जागी स्पेस घाला. रिकामा मजकूर घालू नका, कारण स्वल्पविरामानंतर स्पेस द्यायची राहिली असेल तेथे दोन शब्द एक होतील.

आकडेमोड

हे सगळे मान्य केले, तरी १०००ने काय बिघडते ते आपण सांगितले नाही. एखाद्या वाक्यात शब्दांची १००० चिन्हे असणे दुर्मीळच. शिवाय LEN(A2) तीन वेळा लिहिण्यापेक्षा १००० वाचायला सोपे जाते.

मधली खिडकी

वाचायला सोपे आहे, हे खरेच. अडचण वरच्या मर्यादेची आहे. एक्सेलमध्ये मजकुराची लांबी ३२,७६७ चिन्हांच्या पुढे जाऊ शकत नाही आणि SUBSTITUTE चे मधले उत्तरही याच मर्यादेत बसावे लागते. ३४ शब्दांच्या वाक्यात ३३ स्पेस असतात. प्रत्येकीचा हजाराचा पट्टा केला की नुसत्या स्पेसच ३३,००० होतात आणि सेलमध्ये #VALUE! येते. आपण पहिलाच शब्द मागितला तरी तेच होईल, कारण ओळ आधी पूर्ण ताणली जाते आणि मगच कापली जाते. चौतीस शब्दांचे वाक्य तर तपासणीच्या नोंदीत सहज सापडेल.

LEN ही या मर्यादेतून सुटलेले नाही, फक्त त्याची वेळ उशिरा येते. सर्व शब्द पाच चिन्हांचे धरले, तर ७४ शब्दांच्या मजकुराची लांबी ४४३ होते आणि ताणलेली ओळ ३२,७०९ चिन्हांची, म्हणजे जेमतेम आत. ७५ शब्दांना ती मर्यादा ओलांडते. थोडक्यात, साधारण साडेचारशे चिन्हांच्या पुढचा परिच्छेद LEN असलेल्या सूत्राला द्यायचा नाही. येथे निदान #VALUE! दिसते, ९९ने होणारी चूक गुपचूप होते, म्हणून मला ती अधिक वाईट वाटते.

आकडेमोड

माझ्या याद्यांत दहा-बारा शब्दांपेक्षा मोठे काही नसते, त्यामुळे मी १०००वरच राहीन. कोरी ओळ यांच्यासाठी मात्र LEN योग्य ठरेल, हे पटले.

कोरी ओळ

माझ्या काही नोंदी परिच्छेदाएवढ्या आहेत. त्यांत #VALUE! येत आहे. त्यांचे काय करावे?

मधली खिडकी

तेथे ताणण्याची युक्ती सोडून द्यावी. SUBSTITUTE चा चौथा घटक बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तेथे क्रमांक दिला की फक्त तेवढ्याच क्रमांकाची स्पेस बदलते. वाक्याच्या दोन्ही टोकांना एकेक स्पेस जोडली की चौदावा शब्द नेहमी चौदाव्या आणि पंधराव्या स्पेसच्या मध्ये असतो. त्या दोन जागांवर खूण ठेवून मधला मजकूर उचलायचा. साफ केलेला मजकूर B2 मध्ये आहे असे धरले आहे.

```
=MID(B2,
 FIND("|",SUBSTITUTE(" "&B2&" "," ","|",C2)),
 FIND("|",SUBSTITUTE(" "&B2&" "," ","|",C2+1))
 -FIND("|",SUBSTITUTE(" "&B2&" "," ","|",C2))-1)
```

मजकूर फुगतच नाही, त्यामुळे आधीची मर्यादा आड येत नाही. उभी रेघ मूळ मजकुरात कोठेही नसावी, एवढीच काळजी घ्यावी. असल्यास दुसरे चिन्ह निवडावे.

तिसरा मजला

मला शेवटचा शब्द हवा असतो, कारण माझ्या यादीत शेवटी एकक लिहिलेले असते. त्यासाठी MID ऐवजी RIGHT घेतले की काम होते. कधी शेवटून दुसरा शब्द लागतो, तेव्हा पुढील सूत्र चालते. शेवटून कितवा, तो आकडा D2 मध्ये आहे.

```
=TRIM(LEFT(RIGHT(SUBSTITUTE(B2," ",REPT(" ",LEN(B2))),LEN(B2)*D2),LEN(B2)))
```

मधली खिडकी

हे सूत्र बरोबर आहे, परंतु त्यात एक सापळा आहे. समोरून मोजणाऱ्या सूत्राला पाच शब्दांच्या वाक्यातील सहावा शब्द मागितला, तर MID ची सुरुवात मजकुराच्या पलीकडे जाते आणि रिकामे उत्तर मिळते. आपल्या सूत्राला शेवटून सहावा मागितला, तर RIGHT अख्खी ओळ देते, तिच्यातून LEFT पहिला शब्द उचलते, आणि उत्तर म्हणून पहिला शब्द येतो. शेवटून सातवा मागा, आठवा मागा. पहिलाच शब्द येत राहील. म्हणून शब्दसंख्या आधी मोजावी.

```
=IF(D2>LEN(B2)-LEN(SUBSTITUTE(B2," ",""))+1,"",सूत्र)
```

येथे ‘सूत्र’ या जागी आपले वरचे सूत्र, सुरुवातीचे = वगळून, ठेवावे. B2 मध्ये TRIM केलेला मजकूर असेल तरच ही मोजणी खरी ठरते. सेल अगदी रिकामा असेल तर ती १ सांगते, पण तेव्हा उत्तरही रिकामेच येत असल्याने बिघडत काही नाही.

तिसरा मजला

म्हणूनच माझ्या यादीत एकशब्दी नोंदींपुढे शेवटून दुसरा शब्द म्हणूनही तोच शब्द येत होता. आणखी एक गोष्ट विचारतो. शेवटून दुसरा शब्द माझ्याकडे संख्या असते, पण त्या कॉलमची SUM केली की शून्य येते.

मधली खिडकी

TRIM काय किंवा MID काय, उत्तर मजकूर म्हणूनच देतात, आणि SUM सेलमधील मजकूर सोडून देते. संपूर्ण सूत्राला बाहेरून VALUE लावा. एखाद्या ओळीत संख्येऐवजी शब्द निघाला, तर #VALUE! येईल; ते येऊ द्या, कारण ती ओळ तपासायलाच हवी.

सरळ रेघ

नव्या एक्सेलमध्ये यातले काहीच लागत नाही. तुकडे पाडून चौदावा मागा.

```
=INDEX(TEXTSPLIT(B2," "),C2)
```

मधली खिडकी

ज्यांच्याकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२४ आहे, त्यांनी हेच वापरावे, माझा मुळीच आग्रह नाही. पण तीच फाइल २०१६ किंवा २०१९ च्या आवृत्तीत उघडून पुन्हा गणना झाली, की #NAME? येते. फाइल कोणाकोणाकडे जाणार आहे, ते पाहून ठरवावे. गुगल शीट्समध्ये SPLIT आहे. मात्र ते संख्येसारख्या दिसणाऱ्या तुकड्यांना संख्या करून टाकते, त्यामुळे 007 असा सांकेतिक क्रमांक 7 होऊन बसतो. तेथे आपले जुने सूत्र 007 जसाच्या तसा ठेवते, कारण ते शेवटपर्यंत मजकूरच हाताळते.

कोरी ओळ

ताडून पाहिले. FALSE आलेल्या ओळींपैकी बऱ्याच ओळींत कापलेला शब्द नव्हता, अखंड तेरावा शब्द चौदावा म्हणून बसला होता. त्या माझ्या नजरेतून पूर्णपणे सुटल्या होत्या. आता लहान नोंदींसाठी LEN असलेले सूत्र आणि परिच्छेदांसाठी FIND असलेले, अशी विभागणी केली आहे. एक अडचण उरते. चौदा शब्द नसलेल्या नोंदीत पहिले सूत्र रिकामे उत्तर देते आणि दुसरे #VALUE!. एकाच कॉलममध्ये दोन तऱ्हा दिसतात.

तिसरा मजला

दुसऱ्याला IFERROR लावून तेही रिकामे करा. अहवालात #VALUE! बरे दिसत नाही.

मधली खिडकी

मी उलट करीन. चौदावा शब्दच नाही, याचा अर्थ नोंद अपुरी आहे. रिकामा सेल ते लपवतो. पहिल्या सूत्रालाच शब्दसंख्येची अट लावून त्यातून NA() द्यावे, म्हणजे अशा नोंदी चाळणी लावून वेगळ्या काढता येतील.

तिसरा मजला

पण त्या कॉलमवर पुढे बेरीज असेल, तर एक #N/A ती सगळीच बिघडवून टाकते. माझ्याकडे तरी रिकामेच ठेवावे लागते.

कोरी ओळ

पुढे बेरीज नाही, पण स्थितीनुसार COUNTIF ने मोजणी आहे. COUNTIF ला #N/A ची अडचण येत नाही, हे आत्ताच करून पाहिले. सध्या NA() ठेवते.